पाणी गरम नाही

नववी ब मधल्या माझ्या मराठीच्या वहीत 'होकारार्थी करा' या प्रश्नाखाली पहिलंच उत्तर चुकलेलं आहे. वाक्य होतं, 'पाणी गरम नाही.' मी लिहिलं, 'पाणी थंड आहे.' बाईंनी मला उभं केलं आणि विचारलं, "घरी अंघोळीला कितवा नंबर असतो रे तुझा?" मी म्हणालो, "चौथा." "मग बंबातलं पाणी तोवर कसं होतं?" वर्गातून दोघं-तिघं ओरडले, "कोमट!" बाई म्हणाल्या, "म्हणजे गरम नाही आणि थंडही नाही. मग तुझं वाक्य खोटं पडलं की नाही?"

त्यांची कसोटी एवढीच होती. दोन वाक्यं शेजारी ठेवायची आणि एक खरं, दुसरं खोटं ठरेल असा प्रसंग शोधायचा. सापडला, तर अर्थ बदलला. 'दार उघडं नाही' याचं 'दार बंद आहे' करता येतं, कारण शाळेच्या दाराला तिसरी अवस्था नव्हती. (किलकिलं दार आठवून एकाने वाद घातला होता, तो भाग वेगळा.) 'तो नापास झाला नाही' याचं 'तो पास झाला' आम्ही बिनदिक्कत केलं, तेव्हा मागच्या बाकावरचा आमचा एक मित्र उठला. सहामाहीला तो गणिताच्या पेपरलाच बसला नव्हता. "बाई, मीपण नापास झालेलो नाही," म्हणाला. त्या दिवशी बाई स्वतःच हसल्या.

दोन 'नाही' एकत्र आले की ते एकमेकांना खोडतात, असं आम्ही गणितातल्या वजा-वजाच्या जोरावर धरून चाललो होतो. कधी कधी ते चालतंही. 'हे ठाऊक नाही असा गावात कोणी नाही' म्हणजे 'गावात सगळ्यांना हे ठाऊक आहे.' पण 'तो येणार नाही असं नाही' याचं 'तो येईल' होत नाही. समजा, तो आलाच नाही, तर पहिलं वाक्य बोलणारा खोटा पडत नाही, दुसरं बोलणारा पडतो. बरोबर उत्तर 'तो येईलही.' शेवटच्या त्या 'ही'साठी बाई एक गुण राखून ठेवत.

हे सगळं पुन्हा कामाला आलं ते वीस वर्षांनी. मी एका पतसंस्थेत नोकरीला लागलो आणि नोटिसा लिहिणं माझ्याकडे आलं. जुन्या नोटिशीतलं वाक्य असं होतं: 'ज्यांची भागरक्कम एक हजार रुपयांपेक्षा कमी नाही व ज्यांचे कर्ज थकीत नाही, अशा सभासदांखेरीज इतरांचे अर्ज स्वीकारले जाणार नाहीत.' तीन नकार. ते सोपं करायला मी उत्साहाने बसलो आणि लिहिलं, 'एक हजारपेक्षा जास्त भागरक्कम असलेल्या व कर्ज फेडलेल्या सभासदांचे अर्ज स्वीकारले जातील.'

दुसऱ्या दिवशी खिडकीवर गर्दी. बहुतेक सभासदांची भागरक्कम नेमकी एक हजार! 'कमी नाही' यात बरोबर एक हजारही येतात, 'जास्त' मधून ते बाहेर पडतात. 'थकीत नाही' याचं 'फेडलेले' केल्याने ज्यांचे हप्ते वेळेवर चालू होते तेही अडले आणि ज्यांनी कधी कर्ज काढलंच नव्हतं तेही. शिवाय एका आजोबांनी नोटिशीवर बोट ठेवून विचारलं, "स्वीकारले जातील, असं लिहिलंय ना? मग माझा का परत केला?" त्यांच्या अर्जावर जामीनदाराची सही नव्हती. मूळ वाक्याने बाकीच्यांना नकार दिला होता, या सभासदांना शब्द मात्र दिला नव्हता. तो शब्द माझ्या वाक्याने दिला.

साहेबांनी बोलावलं. झाडले, पण नवा मसुदा मलाच करायला सांगितला. त्या रात्री बंबातलं पाणी आठवलं. 'कमी नाही'चं 'किंवा त्याहून अधिक' केलं. 'थकीत नाही'ला मात्र तितकाच सोपा होकारार्थी शब्द सापडेना, म्हणून एक नकार तसाच राहू दिला. 'खेरीज इतरांचे नाहीत' याला आधी 'यांचेच स्वीकारले जातील' असा 'च' लावून पाहिला, पण त्यातही आश्वासनाचा वास उरत होता. शेवटी लिहिलं: 'अर्ज करण्यासाठी दोन्ही अटी पूर्ण असणे आवश्यक आहे: भागरक्कम एक हजार रुपये किंवा त्याहून अधिक असावी आणि कोणतेही कर्ज थकीत नसावे.' 'दोन्ही' हा शब्द मूळ वाक्यात नव्हता. तो घातल्यावर, एक अट पुरेल का, असं विचारणारे थांबले.

वही अजून माझ्याकडे आहे. वर्षाच्या शेवटच्या पानावर लाल शाईत बाईंचा शेरा आहे, 'वाईट नाही.' मी तेव्हा विचारलं होतं, "बाई, याचं होकारार्थी काय?" त्या म्हणाल्या, "तू करून आण." मी आणलं होतं, 'चांगले आहे.' त्यावरही त्यांनी लाल फुली मारली.