आमची वाटचाल: उतरंड उभी राहिली तेव्हा

आमची कंपनी लहान, आणि काम एकच: दुसऱ्यांच्या पझल गेममधलं फिजिक्स नीट लावून देणं. सुरळीत गेलेल्या वर्षांबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. दहा खोक्यांच्या एका उतरंडीने मात्र आमचं दुकान जवळपास बंद पाडलं होतं.

लेव्हल साधी होती. पाच अंशांनी कललेली फळी, तिच्यावर एकावर एक दहा खोकी, प्रत्येक एक मीटरचं, घर्षण 0.6. पाच अंशांचा टॅन्जंट 0.087 येतो, म्हणजे घर्षणाच्या हिशेबात खोकी हलायचं कारणच नाही. तरी उतरंड डुलायची आणि मिलिमीटर मिलिमीटर करत उताराकडे सरकायची. खेळाडू विचार करत बसला की कोडं आपोआप सुटायचं.

गेम बॉक्स2डी या फिजिक्स इंजिनच्या जुन्या, 2.x आवृत्तीवर होता. आम्ही त्यातल्या सॉल्व्हरकडे, म्हणजे खोक्यांच्या स्पर्शातली बलं काढणाऱ्या भागाकडे, बोट दाखवलं. गिऱ्हाइकाला ते लांबण वाटलं. दुसऱ्या एका मोठ्या स्टुडिओने निम्म्या वेळात काम करून देतो म्हणून सांगितलं आणि कंत्राट नेलं. त्यांनी केलं काय, तर `b2_linearSleepTolerance` 0.01 वरून 0.1 केलं आणि `b2_angularSleepTolerance`सुद्धा दहापट केलं. डेमोत उतरंड अगदी गप्प. आमची बाकीची कामंही त्यांच्याकडे वळली. हा राग अजून गेलेला नाही, आणि तो पैशांपेक्षा त्या उपायाचा जास्त आहे.

बॉक्स2डीच्या त्या आवृत्तीत खोक्याचा वेग या मर्यादांच्या खाली अर्धा सेकंद टिकला की ते झोपतं, म्हणजे इंजिन त्याला हलवणं थांबवतं. एकमेकांना टेकलेली खोकी झोपतात तीही एकत्रच, त्यामुळे एक चुळबुळलं तरी सगळी जागी राहतात. आता हिशेब करा. सेकंदाला 60 पावलं धरली तर गुरुत्वाकर्षण दर पावलाला खोक्याला सुमारे 0.16 मीटर प्रति सेकंद वेग देतं, आणि सॉल्व्हरने तो पुसायचा असतो. झोपेची मर्यादा 0.01 असल्याने त्यातला सहा टक्क्यांहून जरासा जास्त जरी पुसायचा राहिला तरी खोकं झोपत नाही. 0.02 वेगाने सरकणारं खोकं 25 सेकंदांत अर्धा मीटर जातं, म्हणजे कडेवर येतं.

पुसायचा राहतो कशामुळे? सॉल्व्हर स्पर्शबिंदू एकामागून एक सोडवतो, आणि दर पावलाला अशा ठरावीक फेऱ्या करतो. तळच्या स्पर्शाने दहाही खोक्यांचं वजन पेलायचं असतं, पण ते वजन वरून खाली पोचायला फेऱ्या लागतात. तोवर तळाचा दाब कमी धरला जातो, आणि घर्षणाची मर्यादा दाबावरच ठरत असल्याने तीही कमी पडते. शिवाय एकमेकांत रुतलेली खोकी नंतर जागा दुरुस्त करणाऱ्या वेगळ्या फेऱ्यांत बाहेर ढकलली जातात, तशी सोय घर्षणाला नाही. एकदा घसरलेला मिलिमीटर परत येत नाही, तो साचत जातो.

झोप लवकर लावली की हे सगळं झाकलं जातं, आणि खरी चाल मारली जाते. कोपऱ्यावर तोल सावरत असलेलं खोकं त्या क्षणी हळूच फिरत असतं. त्यालाही झोप लागते आणि ते तसंच तिरकं उभं राहतं. त्या गेममध्ये नेमकं हेच झालं.

आम्हाला सावरलं ते एका जुन्या गिऱ्हाइकाने. ते नुसतं ‘हलतंय’ असं कधीच लिहीत नसत. `world.SetAllowSleeping(false)` करून उतरंड मिनिटभर उभी ठेवायची आणि सर्वांत वरच्या खोक्याचा `x` नोंदवून पाठवायचा, ही त्यांची सवय. झोप बंद असताना `x` सरकला तर दोष सॉल्व्हरचा. `x` स्थिर, पण झोप चालू केल्यावर खोकी झोपत नाहीत, तर मर्यादा किंवा दर फ्रेमला कोणीतरी त्यांना उठवणारं बल शोधा. कोणी विचारलेलं नसलं तरी सांगतो, ही चाचणी केल्याशिवाय एकही आकडा बदलू नका.

त्यांच्याकडच्या तसल्याच उतरंडीला आम्ही फेऱ्या 8 वरून 16 केल्या नाहीत. जवळपास त्याच खर्चात पाऊल अर्धं केलं:

```
world.SetAutoClearForces(false);   // एकदाच, सुरुवातीला

// दर फ्रेमला
world.Step(1.0f / 120.0f, 8, 3);
world.Step(1.0f / 120.0f, 8, 3);
world.ClearForces();
```

पाऊल अर्धं झालं की दर पावलाला पुसायचा वेग 0.08 वर येतो. मागच्या पावलातले दाब पुढच्या पावलाची सुरुवात म्हणून वापरले जातात, त्यामुळे दुसरं पाऊल पहिल्याच्या उत्तरावरून पुढे जातं. झोपेच्या मर्यादा मूळच्याच ठेवल्या. त्या उतरंडीच्या टोकावर ठेवलेल्या तिजोरीची घनता बाकीच्यांच्या वीसपट होती, ती दहापटीखाली आणली. हलक्यावर जड हे सॉल्व्हरला सर्वांत अवघड जातं, आणि तिजोरी जड दिसायला चित्र पुरेसं असतं.

`SetAutoClearForces(false)` विसरू नका. बलं आपोआप पुसली जाऊ दिलीत, तर फ्रेमला एकदा लावलेला वारा पहिल्याच अर्ध्या पावलात संपतो आणि निम्म्या जोराने वाहतो.