फोटो पाठवण्याआधी हे वाचा, ताई

नमस्कार ताई,

काल फोनवर तुम्ही म्हणालात, "फोटोच तर काढायचाय, त्यात काय एवढं?" मलाही तसंच वाटलं होतं. शिवण्याआधीच फोटोतल्या अंगावर कपडा चढवून दाखवणारं ते सॉफ्टवेअर दुकानात घेतलं, तेव्हा पहिला प्रयोग मी स्वतःवरच केला. त्या रविवारचा राग अजून गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिले चार फोटो त्याने परतच पाठवले. कारण सांगायचं नाही, नुसतं 'Full body not detected'. बऱ्याच वेळाने उलगडा झाला. माझी लेगिंग काळी, मागचं कपाट गडद सागवानी आणि हात अंगाला चिकटलेले. पाय कुठे संपतात नि कपाट कुठे सुरू होतं, हे त्याला कळेना. पिस्ता रंगाच्या भिंतीपुढे हात अंगापासून वीतभर लांब धरून उभी राहिले, तेव्हा फोटो घेतला. तुम्ही ओढणी काढा आणि अंगाबरोबरचा कुडता किंवा टी-शर्ट घाला. ढगळ कपड्यात ते कापडालाच अंग समजतं.

पण खरा घोळ फोटो पास झाल्यावर झाला.

माझी उंची 5 फूट 2 इंच, म्हणजे 62 इंच. खांद्यापासून जमीन साधारण 52 इंच. स्वतःसाठी 44 इंचांचा अनारकली शिवायचा होता, म्हणजे तो जमिनीपासून 8 इंच वर राहायला हवा. पडद्यावर मात्र तो जवळजवळ घोट्यापर्यंत आलेला दिसला. मला वाटलं, मापच चुकलं असणार. वीस वर्षं टेप गळ्यात घालून फिरतेय, पण त्या दिवशी टेपपेक्षा पडद्यावर विश्वास ठेवला आणि 40 वर कापला. घालून बघते तर पोटरीपर्यंतच! कापलेलं कापड काही परत जोडता येत नाही. तो अनारकली अजून तसाच कपाटात लोंबतोय.

चूक फोटोत होती. तो भाचीने काढला होता, फोन स्वतःच्या डोळ्यांसमोर धरून, थोडा खाली झुकवून. असं केलं की डोकं-खांदे फोनला जवळ पडतात आणि मोठे दिसतात, पाय लांब पडतात आणि आखूड दिसतात. सॉफ्टवेअरला ठाऊक असतात ते फक्त आपण लिहिलेले 62 इंच. फोटोतली डोक्यापासून टाचेपर्यंतची लांबी म्हणजे 62, असं धरून ते पुढचा सगळा हिशोब करतं. पाय आखूड पडले की खांद्यापासून जमीन 52 ऐवजी 49 भरते, आणि 44 इंचांचा कपडा आपोआप खाली उतरलेला दिसतो.

हे मला कळलं ते दाराच्या चौकटीमुळे. फोटोत चौकटीच्या दोन्ही उभ्या कडा खाली जाताना एकमेकींकडे झुकलेल्या होत्या. म्हणून तुम्हीही दाराची एक चौकट फोटोत येऊ द्या. कडा सरळ उभ्या असतील तरच फोटो पाठवा. खाली निमुळत्या होत असतील तर फोन खाली झुकलाय, वर निमुळत्या होत असतील तर वर.

फोन कोणाच्या हातात देऊच नका. मी स्टुलावर पिठाचा डबा ठेवला, त्यावर फोन उभा टेकवला, म्हणजे तो बेंबीच्या उंचीला आला. मागचा कॅमेरा, 1x, दहा सेकंदांचा टायमर आणि मी आठ-नऊ फूट लांब. खोली लहान म्हणून 0.5x वर जाऊ नका, कडेचं सगळं ताणलं जातं. त्यापेक्षा फोन पॅसेजमध्ये ठेवा. पायांची बोटं आणि डोक्याच्या वर थोडी भिंत दिसली पाहिजे.

हो, अंबाडा डोक्यावर बांधू नका, तोही उंचीत धरला जातो. मानेवर बांधा. चेहरा दाखवायचा नसेल तर त्यावर स्टिकर लावा, पण डोक्याचा वरचा भाग झाकू नका आणि फोटो कापू तर नकाच. उंची चप्पल काढून, भिंतीला टेकून आजच मोजा. आधार कार्डाच्या वेळची आठवून सांगू नका. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ऑर्डर झाली की मी तो काढून टाकते.

एवढं करूनही तुम्हाला दिसेल ती फक्त लांबी, गळा आणि रंग. मुंढा काचतोय का, छातीत ओढ बसतेय का, हे ते चित्र सांगत नाही. तिथे कपडा नेहमी छानच बसलेला असतो. म्हणून अंगाला नीट बसणारा एक जुना ब्लाउज कुरिअरने पाठवा. तो नागपूरहून येईपर्यंत मी कापडाला कात्री लावणार नाही.

तुमची,
बुटीकवाली