अठ्ठेचाळीस मिनिटांचा खुलासा

साखळी, गुरुवार, रात्री

आज कार्यालयात १०.१८ वाजता पोहोचले. हजेरीच्या यंत्रावर बोट ठेवले तेव्हाची ही वेळ आहे आणि आजच्या दिवसातली एवढी एकच वेळ कोणीही नाकारू शकणार नाही. कामाची वेळ ९.३० ची, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांचा उशीर झाला. सरांनी दुपारी बोलावून घेतले आणि उद्या सकाळपर्यंत लेखी खुलासा द्यायला सांगितले. जाता जाता त्यांनी विचारले, "काही पुरावा असेल ना, मॅडम?" मी नाही म्हटले. तो खुलासा इंग्रजीत द्यावा लागेल, कारण आमचा पत्रव्यवहार इंग्रजीतच चालतो. पण काय घडले ते आधी मराठीत नीट मांडून पाहिले नाही, तर इंग्रजीत मी नको तेवढे जड शब्द वापरीन, म्हणून आधी इथे लिहिते.

नेहमीप्रमाणे सव्वाआठला स्कूटर काढली. आमोण्याचा पूल ओलांडून खांडोळ्याच्या बाजूला आल्यावर एका वळणावर एक स्कूटर आडवी पडलेली दिसली. रस्ताभर पाव विखुरले होते, ते पावसाने भिजून फुगले होते आणि पलीकडे दोन गुरे निवांत उभी होती. पाव विकणारा पोदेर तिशीतला असेल. तो शुद्धीवर होता, बोलत होता, पण डाव्या पोटरीतून रक्त वाहत होते. तो कसा पडला ते मी पाहिलेले नाही. गुरांना चुकवताना घसरला असावा असे मला वाटले, पण वाटणे म्हणजे पाहणे नव्हे, आणि हा फरक मला खुलाशात पाळायचा आहे.

ओढणीची घडी करून जखमेवर दाबून धरली. ती भिजली तेव्हा न काढता तिच्यावरच दुसरे कापड ठेवले, कारण पहिले कापड उचलले की धरू लागलेले रक्त पुन्हा वाहते. हे काही वर्षांपूर्वी कार्यालयातच झालेल्या प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणात शिकवले होते. एक गृहस्थ त्याचे हेल्मेट काढायला पुढे झाले, त्यांना थांबवले. श्वास नीट चालू होता आणि मानेला काय झाले आहे ते कोणालाच ठाऊक नव्हते. समोरच्या घरातून एक बाई पाणी घेऊन धावत आल्या. पाणी पाजू नका, १०८ ला फोन करा, असे मी त्यांना सांगितले, आणि त्यांनी स्वतःच्या मोबाइलवरून फोन केला. माझा फोन स्कूटरच्या डिकीत होता आणि माझे दोन्ही हात गुंतलेले होते. आता वाटते, तो फोन माझ्या मोबाइलवरून गेला असता तर त्यात वेळेसकट नोंद राहिली असती.

रुग्णवाहिका साधारण वीस मिनिटांनी आली असावी. घड्याळ पाहिले नव्हते. तिच्यातल्या कर्मचाऱ्याने जखम बांधायला घेतली, तेव्हा मी हात काढला. तोवर पोदेराचा भाऊ आला होता, तो त्याच्याबरोबर बांबोळीच्या रुग्णालयात गेला. माझे नाव कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. मग त्या बाईंच्या न्हाणीत हातपाय धुतले, कुर्त्याची बाही धुतली. त्यांनी स्वतःची एक हिरवी ओढणी माझ्या खांद्यावर टाकली आणि चहा पाजल्याशिवाय सोडले नाही, कारण माझे हात थरथरत होते. तिथून माशेल, बाणस्तारी, जुने गोवे या नेहमीच्याच वाटेने, पण खूप सावकाश आले. निळ्या कुर्त्यावर हिरवी ओढणी पाहून शेजारच्या टेबलावरची मैत्रीण हसली, तेवढीच काय ती घटनेची साक्ष कार्यालयापर्यंत पोहोचली.

संध्याकाळी घरी आल्यावर कायद्यात माझ्यासारख्याबद्दल काय म्हटले आहे ते वाचून काढले. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १३४ अ हे कलम आले. अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याच्या हातून काही चूक झाली, तरी त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे ते कलम सांगते. त्याखालच्या २०२० च्या नियमांप्रमाणे पोलीस अशा माणसावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करू शकत नाहीत. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक स्वरूप दिले होते. त्या सूचनांमध्ये पोचपावतीचीही सोय आहे: जखमीला रुग्णालयात नेऊन पोहोचवणाऱ्याने मागितली, तर त्याने जखमीला आणले असे वेळ आणि ठिकाणासह लिहून देता येते. म्हणजे मी रुग्णवाहिकेबरोबर बांबोळीला गेले असते, तर कागद मिळण्याची शक्यता होती, मात्र मग दुपारपर्यंत कार्यालयात पोहोचले नसते. जो रस्त्यावरच थांबतो आणि रुग्णवाहिका आल्यावर बाजूला होतो, त्याच्यासाठी असा कागद मला कुठे सापडला नाही. मदत करणाऱ्याला मागे काहीही न ठेवता निघून जाता यावे, हाच या सगळ्या तरतुदींचा रोख आहे. साक्षीच्या आणि पोलीस चौकीच्या खेपांना भिऊन लोक पुढे होत नसत, म्हणून तो तसा ठेवला गेला. कार्यालयाला मात्र नेमके तेच हवे असते, जे मागे ठेवायची मला गरज नव्हती.

नवऱ्याने सुचवले की १०८ च्या नोंदीत या अपघाताची वेळ आणि जागा असणारच, ती मिळवता येईल. ते खरे आहे. पण त्या नोंदीतून खांडोळ्याला अपघात झाला एवढेच सिद्ध होईल. मी तिथे होते हे त्यातून सिद्ध होत नाही. उद्याच्या वर्तमानपत्रात बातमी आली, तरी तिचेही तेच. अपघाताचा पुरावा आणि माझ्या तिथे असण्याचा पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिला पुरावा दुसऱ्याच्या जागी पुढे करणे मला लबाडीचे वाटते. सरांसारखा फायलींमध्ये मुरलेला माणूस तर ते पहिल्याच वाचनात ओळखील. माझ्या असण्याला साक्ष आहे ती त्या बाईंची. त्यांच्याकडे चिठ्ठी मागावी का, यावर बराच विचार केला. ज्यांनी मला चहा पाजला, त्यांच्याकडे माझ्या अर्ध्या दिवसाच्या रजेसाठी सहीचा कागद मागायला मन घेत नाही.

सासूबाईंचे मत अगदी सरळ होते. "पंक्चर झाले म्हण आणि मोकळी हो," त्या म्हणाल्या. गंमत म्हणजे याच महिन्यात माझी स्कूटर खरोखर पंक्चर झाली होती, तेव्हा पंचवीस मिनिटे उशीर झाला होता आणि सरांनी नुसती मान डोलावली होती. पंक्चरवाल्याची पावती कोणी मागितली नाही. सगळ्यांच्या वाट्याला येणारे कारण पुराव्याशिवाय चालते. क्वचित घडणाऱ्या आणि सांगणाऱ्याला थोडे मोठेपण देणाऱ्या कारणाला मात्र पुरावा लागतो. सरांनी पुरावा विचारला म्हणून दुपारी राग आला होता, आता तितका येत नाही.

आमच्याकडे केंद्राचाच नियम लावतात: उशिराच्या प्रत्येक दिवसाला अर्ध्या दिवसाची नैमित्तिक रजा वजा होते, परंतु एका तासापर्यंतचा उशीर, योग्य कारण असल्यास, महिन्यातून दोनदा अधिकाऱ्याला माफ करता येतो. पंक्चरचा दिवस पहिला, आजचा दुसरा. म्हणजे माफ करणे सरांच्या हातात आहे, पण ते त्यांच्यावर बंधनकारक नाही. खुलासा लिहायचा तो हे लक्षात ठेवून.

पहिला मसुदा फाडला. त्यात "माणुसकीच्या नात्याने" आणि "जीव वाचवण्यासाठी" असे शब्द आले होते. मी जीव वाचवला की नाही हे मला माहीत नाही, आणि कारण सिद्ध करता येत नसताना त्याला विशेषणे जोडली की ते आणखीच संशयास्पद दिसते. शिवाय अठ्ठेचाळीस मिनिटांचा हिशेब त्यात लागत नव्हता. रुग्णवाहिका वीस मिनिटांत आली, तर उरलेला वेळ कुठे गेला, हा प्रश्न कोणीही विचारील. तेव्हा धुण्यात आणि चहात गेलेला वेळही लिहायला हवा. तो लिहायला थोडी लाज वाटली, पण तो गाळला तर बाकीचेही खरे वाटणार नाही. दुसरा मसुदा असा झाला:

"आज मी १०.१८ वाजता हजर झाले. साधारण ८.४० च्या सुमारास खांडोळा येथे रस्त्यावर जखमी अवस्थेत पडलेल्या दुचाकीस्वाराच्या मदतीसाठी मी थांबले. अपघात होताना मी पाहिलेला नाही. १०८ ला दूरध्वनी तेथील एका रहिवासी महिलेने केला. रुग्णवाहिका येईपर्यंत, अंदाजे वीस मिनिटे, मी जखम दाबून धरली होती. जखमीला नेल्यानंतर कपडे स्वच्छ करण्यात व सावरण्यात अंदाजे वीस मिनिटे गेली आणि पुढचा प्रवास नेहमीपेक्षा सावकाश केला. हजेरीची वेळ सोडून वरील सर्व वेळा अंदाजाने दिल्या आहेत. माझ्या तेथील उपस्थितीचा कोणताही लेखी पुरावा माझ्याकडे नाही. रुग्णवाहिका गेल्यानंतर कार्यालयाला दूरध्वनी करणे मला शक्य होते, तो मी केला नाही, ही माझी चूक आहे. विलंब माफ करावा अशी विनंती आहे. ते शक्य नसल्यास अर्ध्या दिवसाची नैमित्तिक रजा वजा करण्यास माझी हरकत नाही."

शेवटून तिसरे वाक्य लिहायला सर्वांत जास्त वेळ लागला. सरांनी दुपारी विचारलेला खरा बोचरा प्रश्न तोच होता. "तिथून एक फोन तरी करायचा होता," ते म्हणाले होते. साडेनऊच्या आत तिथूनच दोन ओळींचा संदेश पाठवला असता, तर त्यानेही काही सिद्ध झाले नसते, पण उशिराचे कारण उशीर होण्याआधी सांगितले गेले असते, आणि नंतर रचून सांगितल्याचा संशय तरी आला नसता. मी चहा पीत बसले होते आणि फोन डिकीत होता. त्या वेळी कार्यालय आठवलेच नाही, हे खरे कारण आहे. ते कोणत्या शब्दांत लिहावे हे कळेना, म्हणून नुसती चूक लिहिली.

पोदेराचे नाव मला भावाच्या हाकांवरून कळले होते, ते खुलाशात घातलेले नाही. त्याच्या पायाचे कारण देऊन मी माझी रजा वाचवते आहे, एवढे पुरे.

सरांच्या खोलीतून निघताना त्यांनी पुरावा मागितला त्याच सुरात आणखी एक विचारले होते: "आता बरा आहे का तो?" त्याचेही उत्तर माझ्याकडे नव्हते. हिरवी ओढणी धुऊन दोरीवर टाकली आहे, या हवेत सकाळपर्यंत वाळेल असे वाटत नाही. तरी उद्या पंधरा मिनिटे आधी निघायचे आहे. ओढणी ओली असली तर परवा नेईन, पण त्या बाईंकडे त्याची चौकशी उद्याच करायची आहे.