एएसी ब्लॉकची भिंत: ब्लॉक थरांनी मोजले, पिशवी सांध्याने

म्हापशातल्या फ्लॅटमध्ये खोली दुभागणारी 100 मिमी जाडीची भिंत बांधायची होती. लांबी 4.2 मीटर, लादीपासून स्लॅबपर्यंत उंची 2.82, दाराची मोकळी जागा 0.9 बाय 2.05. ब्लॉक एएसीचा, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचा, 600 बाय 200 बाय 100 मिमीचा.

आधी क्षेत्रफळाने हिशेब केला. दार वजा जाता 10 चौरस मीटर उरतात. 3 मिमीच्या सांध्यासह चौरस मीटरला 8.2 ब्लॉक, म्हणजे 82, आणि तुटफूट धरून 86. या हिशेबात काँक्रीटचा बँड आणि वरची फट यांनाही ब्लॉक लागतात असं गृहीत धरलं जातं. म्हणून कागदावर थर मांडले.

खाली 20 मिमी सिमेंटचा माल, त्यावर 10 थर. ही उंची 2047 मिमी भरते, म्हणजे बरोबर दाराच्या माथ्याला. तिथून भिंतीभर बँड, तोच दाराची लिंटल. वर तीन थर. बँड 100 मिमीचा धरला तर माथ्यावर 64 मिमी उरत होते. एवढी बारीक पट्टी कापताना हमखास फुटते, म्हणून बँड 140 चा केला आणि फट 24 वर आणली. ती भिंत पूर्ण झाल्यावर, स्लॅबला घट्ट न टेकवता भरायची.

वरच्या तीन थरांना सात-सात, 21. खालच्या दहा थरांत दाराच्या एका बाजूला 0.6 मीटर आणि दुसऱ्या बाजूला 2.7 मीटर भिंत: थराला साडेपाच, एकूण 55. झाले 76. सांधमोडीचे अर्धे तुकडे एकाच ब्लॉकमधून दोन निघतात, उतरवताना कोपरा उडालेले ब्लॉकही तिथेच खपतात. चार जादा धरून 80 मागवले.

आता चिकटवणीचा माल, म्हणजे ब्लॉक अ‍ॅडेसिव्ह. एका ब्लॉकला तळाचा 0.06 आणि टोकाचा 0.02 चौरस मीटर पृष्ठभाग लागतो. त्यावर 3 मिमीचा थर म्हणजे 0.24 लिटर, पावडर साधारण 0.36 किलो. 76 ब्लॉकना 27 किलो, सांडलवंड धरून 30. चाळीस किलोची एक पिशवी पुरते.

पण ही पिशवी पुरणं मेस्ताच्या हातावर ठरतं. आपल्याकडचे मेस्त चिऱ्यांच्या बांधकामात वाढलेले. चिरा ओबडधोबड असतो, त्याला जाड माल लागतोच, आणि तीच सवय इथे येते. साध्या थापीने सांधा सहज 6 मिमीचा होतो, मग तीच भिंत 55 किलो खाते. शिवाय ओला जाड थर दाबला जाऊन ब्लॉक हलतो, ओळंबा बिघडतो. म्हणून खाचांची थापी हातात द्यायची आणि ब्लॉकवरची भुकटी आधी ब्रशने झाडायला लावायची, नाहीतर अ‍ॅडेसिव्ह भुकटीलाच चिकटतं.

पाचवा थर झाला की लादीपासून टेप लावा. 1032 मिमीच्या आसपास आकडा यायला हवा. 1044 दिसला तर सांधे 6 चे पडताहेत. काम तिथेच थांबवून थापी बदला, कारण याच गतीने दहावा थर 27 मिमी वर जाईल आणि दाराची चौकट बँडखाली बसेल पण वरच्या फटीला जागाच उरणार नाही.