आत्याचं संतूरवालं गाणं

बुधवार, रात्री

संध्याकाळी आत्याचा कोल्हापूरहून फोन आला होता. शाळेत असताना शेजारच्या काकूंच्या रेडिओवर सकाळी एक गाणं लागायचं, आणि नेमकी तिची शाळेला निघायची वेळ तीच. त्यामुळे सुरुवात ऐकली की दप्तर उचलायचं. पुढचं गाणं रस्त्याच्या वळणापलीकडे राहायचं. शब्द एकही आठवत नाही, बाई गात होती की बुवा हेही नक्की सांगता येत नाही. एवढं मात्र ठाम: "अगं, संतूर होतं त्यात. सुरुवातीलाच."

मी तिला लगेच म्हटलं, आत्या, संतूर हा शब्द जरा बाजूला ठेव आणि मला ते तोंडाने वाजवून दाखव. ती म्हणाली, "दिऽडाऽऽर, दिडा, दिऽऽऽर." त्या शेवटच्या "दिऽऽऽर"ला तिचा आवाज एका सुरावरून वरच्या सुरावर न तुटता, ओढल्यासारखा गेला. तिथेच माझ्या मनातून संतूर निघून गेलं.

ऐकणारा माणूस वाद्याचं नाव सांगतो ते आपल्या माहितीतल्या नावांपैकी एक असतं. तारेचं, जरा झगमगतं काही ऐकलं की कोणी संतूर म्हणतो, कोणी मेंडोलिन, कोणी स्वरमंडळ. त्यात आपल्या सिनेमातल्या वादकांनी एका वाद्याकडून दुसऱ्याचं काम इतकं बेमालूम करून घेतलं आहे की चांगले कानही फसावेत. 'नागिन' (1954) मधली पुंगी साऱ्या देशाने पुंगी म्हणून ऐकली. ती होती क्लॅव्हियोलिन नावाच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर कल्याणजींनी वाजवलेली, आणि जोडीला रवी यांची हार्मोनियम. म्हणून मी नाव विचारत नाही, सूर कसा वागतो ते विचारते.

संतुराची तार लाकडी कलमांनी छेडतात. कलम तारेवर पडली की सूर उमटतो आणि विरत जातो. त्याला बोटाने खेचून वर नेता येत नाही, म्हणजे खरी मींड संतुरात नाही. पंडित शिवकुमार शर्मांनी सूर लांबवण्यासाठी कलम तारांवर हलकेच घासत, थरथरत नेण्याची रीत बसवली, आणि त्यामुळे मींडेचा भास होतो. पण नीट ऐकलं तर तिथे बारीक बारीक ठोक्यांची रांग असते. शिवाय आधीचा सूर दाबून बंद केलेला नसतो, त्यामुळे तो पुढच्यात मिसळत राहतो. सतारीत उलटं. पडद्यावर तार आडवी ओढली की एकाच छेडीत सूर सलग चढतो, आणि जवारीमुळे, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पसरट घोडीमुळे, त्याला एक किणकिणती, किंचित नाकातली धार येते. सरोदेत पडदेच नाहीत, तिथे बोट घसरतं, आणि आवाज सतारीपेक्षा जाड आणि कोरडा. मेंडोलिनवर सूर लांबवायचा तर तीच तार भराभर छेडत राहावी लागते, म्हणून लांब सूर कापरा येतो.

आत्याचा "दिऽऽऽर" सलग होता, कापरा नव्हता. सतार.

तिला संतूर का वाटलं असेल याचाही अंदाज आला. सतारीच्या पडद्यांखालून जाणाऱ्या तरफेच्या तारांवरून नुसतं बोट फिरवलं की सुरांचा एक झरकन शिडकावा होतो, आणि वादक पुष्कळदा सुरुवात तिथूनच करतात. पहिला ठसा त्या शिडकाव्याचा राहतो. पुढच्या आयुष्यात टीव्हीवर संतूर पाहिलं, तसाच शिडकावा ऐकला, नाव जुळलं.

मग पेटी काढली. आत्याला फोन स्पीकरवर ठेवायला सांगितला आणि ती जिथे जिथे विसावत होती तो सूर षड्ज धरला. बाकीचे सूर त्यावरून शोधले. गंधार कोमल, निषाद कोमल. वर जाताना ती रिषभ गाळून थेट गंधारावर जात होती आणि खाली येताना रिषभावरून षड्जावर येत होती, दर वेळी तसंच. हे महत्त्वाचं, कारण माणूस बेसूर गुणगुणला तरी ज्या जागा तो न चुकता तशाच घेतो त्या मूळ चालीतल्या असतात. मी तिला विचारलं, हे ऐकताना आपल्या ओळखीचं काही आठवतं का? ती क्षणभर थांबली आणि 'इंद्रायणी काठी' गुणगुणायला लागली. भीमसेनजींचं ते गाणं भीमपलास रागातलं. तिला रागाचं नाव माहीत नाही, पण कानाने बरोबर शेजार शोधला.

आता सतारीची सुरुवात म्हटल्यावर सगळ्यांच्या आधी 'ओ सजना, बरखा बहार आई' आठवतं. 'परख' (1960), सलील चौधरी, सतार जयराम आचार्यांची. पण ते खमाज रागात, त्यातला गंधार शुद्ध. आत्याचा कोमल. ते गळलं.

फोनमधल्या गाणं ओळखणाऱ्या अ‍ॅपचा इथे काही उपयोग नव्हता. ते मूळ ध्वनिमुद्रणाचा तुकडा मागतं. गुणगुणून शोधायची सोय आहे, पण ती गायलेल्या चालीवर चांगली चालते. सुरुवातीचे वाद्याचे सूर बहुतेक वेळा मुखड्याची चाल नसतातच. तरी आत्याचं गुणगुणणं देऊन पाहिलं. भलतीच गाणी आली.

शनिवार

दोन दिवस सवड मिळाली तशी यादी करत होते. इथे एक अडचण कायमची आहे. जुन्या तबकडीवर संगीतकार, गायक, सिनेमा असतो. सतार कोणी वाजवली ते नसतं. आणि सुरुवातीचे ते काही सेकंद ओळखायचे तर वादकाचं नावच सर्वांत कामाचं, कारण एकेका संगीतकाराचा एकेका वादकावर जीव होता. त्यामुळे मी संगीतकारांपासून न निघता वादकांपासून निघाले. साठच्या दशकातल्या हिंदी सिनेमात सतार म्हटली की जयराम आचार्य, अब्दुल हलीम जाफर खाँ ('मधुबन में राधिका'मधली त्यांची सतार कोण विसरेल), आणि रईस खाँ. रईस खाँ म्हणजे बहुतांशी मदन मोहन. त्यांची सतार गळ्यासारखी चालते. छेड कमी, ओढ जास्त, एका आघातात तीन-चार सूर. आत्याचं ते सलग "दिऽऽऽर" मला याच हाताकडे घेऊन जात होतं.

मदन मोहन, रईस खाँ, भीमपलास. एवढं एकत्र ठेवलं की एक गाणं अगदी समोर येतं. पण ते सरळ लावून "हेच ना?" असं विचारायचं नव्हतं. माणूस इतकी वर्षं शोधत असतो की पहिल्या बऱ्या वाटणाऱ्या गाण्याला हो म्हणून बसतो, आणि लताबाईंचा आवाज सुरू झाला की तर प्रश्नच मिटतो, सगळंच ओळखीचं वाटायला लागतं. म्हणून मी वेगवेगळ्या सतारीच्या गाण्यांच्या फक्त सुरुवाती कापल्या. आवाज लागायच्या आधी तुकडा संपवला. नावं काढून टाकली आणि तिला एकेक करून पाठवल्या. त्यात 'ओ सजना'ही मुद्दाम ठेवलं होतं, तिने ते नाकारायला हवं म्हणून.

कापताना लक्षात आलं की एकाच गाण्याच्या इंटरनेटवरच्या प्रतींत सुरुवात सारखी नसते. कुठे सिनेमातली, तिच्यावर संवाद किंवा इतर आवाज आलेले. कुठे तबकडीवरची, जरा आखूड. कुठे कोणी तरी पहिले सूर चक्क छाटलेले. काही प्रती पट्टी चढवलेल्याही असतात. आत्याने ऐकलं होतं रेडिओवर, म्हणजे तबकडी. म्हणून शक्य तिथे तबकडीवरचीच प्रत घेतली. नाहीतर बरोबर गाणं समोर असूनही "हे नव्हे" असं उत्तर येऊ शकतं.

'ओ सजना' तिने लगेच परतवलं. "हे छान आहे गं, पण हे नाही." आणखी एक-दोन नाही म्हणाली. मग एका तुकड्यावर तिचा आवाजी निरोप आला, त्यात ती नुसतीच हसत होती. मी लगेच फोन केला आणि म्हटलं, पुढे काय येतं ते गाणं न लावता मला म्हण. तुकडा मी जिथे तोडला होता तिथून पुढचे सूर तिने म्हटले. मी इकडे कानात पूर्ण गाणं लावून ठेवलं होतं. जुळले.

'नैनों में बदरा छाए'. 'मेरा साया', 1966.

मग पूर्ण गाणं लावून दिलं. मुखडा आला तशी आत्या ओरडलीच, "अगं बाई, हे तर मला येतं! भेंड्यांमध्ये कितीदा म्हटलंय!" तिला गाणं पाठ होतं आणि ती सतारही पाठ होती, पण दोन्ही एकाच गाण्याचं आहे हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मला हे फार खरं वाटलं. भेंड्यांत आपण मुखड्यापासून सुरू करतो, लग्नातल्या ऑर्केस्ट्रात सुरुवात कीबोर्डवर कशीबशी उरकतात, घरात गुणगुणताना तर सतार म्हणायचा प्रश्नच नाही. सतारीचा तो तुकडा फक्त रेडिओवर असायचा, आणि आत्याचा रेडिओ दप्तर उचलण्यापर्यंत.

मी तिला सांगितलं की हा सिनेमा आपल्या राजा परांजप्यांच्या 'पाठलाग'वरून केला होता. तर ती म्हणाली, पाठलाग तिने थिएटरात पाहिलाय, घरच्या सगळ्यांबरोबर, आणि 'या डोळ्यांची दोन पाखरे' ऐकून रात्री अंगणात जायला घाबरली होती. ते सगळं गाणं तिने मला फोनवर म्हणून दाखवलं, कडव्यांसकट. मी पेटीवर साथ करायचा प्रयत्न केला, पण ती एवढी रंगली होती की मी मध्येच हात काढून घेतला आणि ऐकत बसले.

रात्री झोपायच्या आधी तिचा पुन्हा निरोप आला: मुंबईला मामांकडे एक गाणं लागायचं, त्याच्या सुरुवातीला सॅक्सोफोन होता. मी उलट विचारलंय, आवाज खालच्या पट्टीत गेला की पोकळ, लाकडासारखा व्हायचा की जाडसर आणि घोगरा? पोकळ असेल तर ते क्लॅरिनेट निघेल. उद्या सांगते म्हणाली.