साठाचे एकशेवीस करताना

एल्डन रिंग हा गेम पीसीवर 60 एफपीएसच्या, म्हणजे सेकंदाला 60 फ्रेम्सच्या वर जात नाही. 2022 च्या फेब्रुवारीत गेम आला तेव्हापासून ही मर्यादा तशीच आहे. कमी बिंदूंत चित्र काढून ते मोठं करणारं डीएलएसएस किंवा एफएसआर त्यात नाही, आणि दोन खऱ्या फ्रेम्सच्या मध्ये रचलेली फ्रेम घालणारं फ्रेम जनरेशन तर नाहीच. मर्यादा उठवणारे मॉड मिळतात, पण त्यासाठी गेमचं अँटी-चीट बंद करावं लागतं, आणि ते बंद केलं की ऑनलाइन खेळणं संपलं. मला जमिनीवर लोकांनी लिहून ठेवलेले निरोप वाचल्याशिवाय करमत नाही, म्हणून मॉडचा विषय मी तिथेच सोडला.

माझ्याकडे जीटीएक्स 1660 सुपर हे ग्राफिक्स कार्ड आहे आणि 144 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 144 वेळा चित्र बदलू शकणारा 1080p मॉनिटर. मॉनिटर घेताना हौस होती, पण ज्या गेममध्ये मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो तिथे अर्ध्याहून जास्त हौस वायाच जात होती. म्हणून स्टीमवरून लॉसलेस स्केलिंग नावाचं सॉफ्टवेअर विकत घेतलं. नावाप्रमाणे ते आधी लहान खिडकीतलं चित्र पडदाभर ताणायचं काम करायचं. आता लोक ते घेतात ते मुख्यतः त्यातल्या LSFG साठी, म्हणजे फ्रेम जनरेशनसाठी.

ते चालवायला काही शिकावं लागत नाही. गेमच्या सेटिंगमध्ये पूर्ण स्क्रीनऐवजी बॉर्डरलेस विंडो निवडायची, लॉसलेस स्केलिंगमध्ये Scaling Type बंद ठेवायचा, Frame Generation मध्ये LSFG घेऊन X2, म्हणजे फ्रेम्स दुप्पट, निवडायचं, गेममध्ये परत यायचं आणि Ctrl+Alt+S दाबायचं. Draw FPS चालू ठेवलं की कोपऱ्यात दोन आकडे दिसतात. पहिला गेमच्या खऱ्या फ्रेम्सचा, दुसरा पडद्यावर येणाऱ्या एकूण फ्रेम्सचा. हा प्रोग्रॅम गेमच्या आत हात घालत नाही, तयार झालेलं चित्र बाहेरून पकडतो, त्यामुळे अँटी-चीटची कटकट झाली नाही.

मला 60/120 अपेक्षित होतं. दिसलं 44/88. आणि खेळायला घेतलं तर गेम आधीपेक्षा जड वाटायला लागला, जणू घोड्याच्या पायात चिखल भरलाय. मी दोन दिवस सॉफ्टवेअरलाच शिव्या घातल्या. स्टीमवर परताव्याला दोन तासांची मर्यादा असते, आणि हा प्रोग्रॅम मागे नुसता उघडा राहिला तरी घड्याळ चालूच राहतं. ते माझ्या लक्षात येईपर्यंत परताव्याची वेळ निघून गेली होती. मग म्हटलं, पैसे तर गेलेच, आता कारण तरी शोधू.

कारण साधं निघालं. मधल्या फ्रेम्स बनवण्याचं काम त्याच ग्राफिक्स कार्डावर होतं. माझं कार्ड हाय सेटिंगवर आधीच 97 टक्के भरलेलं होतं आणि जेमतेम 56 ते 60 काढत होतं. त्यावर आणखी काम टाकल्यावर ते गेमच्या वाट्यातून कापलं गेलं आणि खऱ्या फ्रेम्स 44 वर आल्या. पडद्यावर 88 दिसत असले तरी माझी बटणं गेमला सेकंदाला 44 वेळाच कळत होती. गेममध्ये Shadow Quality, Grass Quality आणि Volumetric Quality मीडियमवर आणले तेव्हा फ्रेम जनरेशनशिवाय कार्ड 70 टक्क्यांच्या आसपास राहू लागलं. आता Ctrl+Alt+S दाबल्यावर 60/120 आलं आणि टिकलं.

तरी कॅमेरा हळू फिरवला की काहीतरी खटकत होतं. बारीक, पण ठरावीक वेळाने येणारा एक हिसका. मॉनिटर 144 वर होता. 120 फ्रेम्स 144 ठिकाणी बसवायच्या म्हणजे दर पाच फ्रेम्सना सहा जागा, मग त्यातली एक फ्रेम दुप्पट वेळ अडकून राहते. माझा मॉनिटर जुना, फ्रेम्सच्या वेगाशी स्वतःहून जुळवून घेणारा व्हेरिएबल रिफ्रेश त्यात नाही. विंडोजमध्ये जाऊन तो 120 हर्ट्झवर आणला आणि हिसका गेला. एवढ्या एका गोष्टीने जितका फरक पडला तितका बाकीच्या सगळ्या खटपटीने पडला नव्हता.

त्या रात्री गेममधल्या लिमग्रेव्ह या भागातल्या गवतातून टॉरेंट या घोड्यावर बसून नुसता हिंडलो. झाडं, कडे, दूरचा सोनेरी वृक्ष, सगळं तेलावरून सरकल्यासारखं. मामेभाऊ मागे पलंगावर बसून बघत होता. थोड्या वेळाने म्हणाला, “दादा, तुझ्या माणसाभोवती पाणी का हलतंय?”

मला तोवर दिसलं नव्हतं. त्यानंतर मात्र तेच दिसायला लागलं.

हे पकडायला आधी नेहमीच्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरने व्हिडिओ काढला, तर त्यात पाणीबिणी काही नाही. गेम कॅप्चर मूळ गेमचं चित्र घेतं, वरून रचलेल्या फ्रेम्स त्यात येतच नाहीत. शेवटी मोबाईल स्टँडवर लावून 240 एफपीएसच्या स्लो मोशनमध्ये पडद्याचाच व्हिडिओ काढला. पडद्यावरची प्रत्येक फ्रेम मोबाईलच्या दोन फ्रेम्स टिकते, त्यामुळे बोटाने एकेक पुढे सरकवत गेलं की खरी, बनावट, खरी, बनावट अशी रांग लागते.

खऱ्या फ्रेममध्ये स्वाराच्या खांद्याची कड चाकूने कापल्यासारखी. पुढच्या फ्रेममध्ये त्याच खांद्याभोवती बोटभर जाडीचा एक पट्टा, त्यातलं गवत विरघळलेलं आणि खांद्याला चिकटून ओढलं जातंय. त्यापुढची फ्रेम पुन्हा स्वच्छ. हे सेकंदाला साठ वेळा घडतं, म्हणून डोळ्याला ते पाण्यासारखं थरथरताना दिसतं.

असं होतं कारण या प्रोग्रॅमकडे दोन तयार चित्रांशिवाय काहीच नसतं. गेममध्येच बसवलेल्या फ्रेम जनरेशनला इंजिनकडून कळतं की कोणता बिंदू कुठून कुठे गेला, कोण पुढे आहे आणि कोण मागे. इथे ते सगळं चित्रं ताडून अंदाजाने काढायचं असतं. स्वार पुढे सरकला की त्याच्यामागे झाकलेलं गवत उघडं पडतं. ते गवत आधीच्या चित्रात नव्हतंच, मग त्याची जोडी कशाशी लावणार? म्हणून शेजारचं काहीतरी ओढून भोक बुजवलं जातं. तिसऱ्या पुरुषातल्या गेममध्ये पात्र कायम मधोमध असतं आणि जग त्याच्याभोवती फिरतं, त्यामुळे हे ठिगळ नेमकं नजर असते तिथेच पडतं. ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरमधून चालणारे पर्यायही इंजिनला न विचारता असाच अंदाज बांधतात. एएमडीचं एएफएमएफ त्यातलंच, पण माझ्या कार्डावर ते चालत नाही.

दुसरी जागा पडद्यावरच्या अक्षरांची. खाली उजवीकडे रून्सचा, म्हणजे गेममधल्या कमाईचा, आकडा असतो. तो जागचा हलत नाही, पण त्याच्यामागून गवत धावतं, आणि या प्रोग्रॅमला आकडा आणि गवत हे एकाच कागदावरचं चित्र वाटतं. मोबाईलच्या व्हिडिओत बनावट फ्रेममधल्या 8 चं पोट गवताच्या दिशेने वाकलेलं दिसलं. वर होकायंत्राच्या पट्टीवरच्या खुणा, शत्रूवर लॉक केल्यावर येणारा पांढरा ठिपका, यांचंही तसंच. मेनू उघडतानाची एक फ्रेम तर अर्धी मेनू, अर्धी टेकडी अशी वितळलेली होती, पण ती एकदाच येते, तिचा त्रास नाही.

यावर मी Flow Scale शी खेळून पाहिलं. हालचाल किती बारीक चित्रावर मोजायची ते तो ठरवतो. 100 वरून 60 वर आणला तर कार्डाला आराम मिळाला, पण खांद्याभोवतीचा पट्टा आणखी रुंद झाला आणि लगामासारख्या बारीक गोष्टी मधल्या फ्रेममधून गायबच झाल्या. 1080p ला तो 100 वरच बरा. 4K वाल्यांना तो खाली आणावाच लागतो, पण त्यांच्या चित्रात मुळातच बिंदू भरपूर असतात.

मग उलटा प्रयोग केला. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये Max Frame Rate 40 केला आणि LSFG ला X3 दिलं. पडद्यावर तेच 120, कार्डही थंड, पण चित्राची पार रया गेली. हिशेब असा की कॅमेरा अर्ध्या सेकंदात पडद्याच्या रुंदीएवढा वळवला, तर 1920 बिंदूंचं अंतर 60 एफपीएसला तीस फ्रेम्समध्ये वाटलं जातं, म्हणजे एका फ्रेमपासून दुसरीपर्यंत 64 बिंदूंची उडी. 40 ला ती 96 होते. उडी जितकी मोठी तितकी उघडी पडणारी जागा रुंद आणि जोडी चुकण्याची शक्यता जास्त. शिवाय X2 मध्ये दर दुसरी फ्रेम खरी असते, X3 मध्ये दर तिसरीच. किल्ल्यातल्या एका कठड्याजवळ तर गज सरळ उलट्या दिशेने पळायला लागले. सगळे गज सारखेच दिसतात, त्यामुळे एकाची जोडी शेजारच्याशी लागली होती.

LSFG 3.1 पासून Adaptive नावाचा प्रकारही मिळतो. त्यात गुणक न देता शेवटचा आकडा द्यायचा. मोहाने 144 दिला. पण 60 चे 144 सारख्या अंतराने मांडायचे तर खऱ्या पाच फ्रेम्सच्या जागी बारा बसतात आणि त्या बारांपैकी एकच खऱ्या फ्रेमच्या वेळेवर पडते. बाकी सगळ्या रचलेल्या. खांद्याचा पट्टा थरथरायचा थांबला खरा, पण कायमचा मुक्कामाला आला. परत X2 वर आलो.

राहिला उशीर. मधली फ्रेम रचायला पुढची खरी फ्रेम आधी हातात लागते. ती आली तरी रोखून धरायची, आधी मधली दाखवायची, मग ती. 60 वर X2 असताना यातच 8.3 मिलिसेकंद जातात, 40 वर X3 असताना 16.7, आणि चित्र पकडण्याचा नि रचण्याचा वेळ वेगळा. घोड्यावर हे कळत नाही. पण स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या दारातला मार्गिट हा मोठा शत्रू काठी वर उचलून मुद्दाम थांबतो आणि मग हाणतो. त्याच्यापुढे मी फ्रेम जनरेशन चालू ठेवून पाच वेळा मेलो, बंद करून तिसऱ्या खेपेला मारला. मी मुळात वाईट खेळाडू आहे, तेव्हा या आकड्यांवर फार विसंबू नका. पण लोळायचं बटण दाबणं आणि पात्र लोळणं यांच्यातला तो सैलपणा बोटांना स्पष्ट कळत होता.

एका गोष्टीवर मात्र काहीच इलाज सापडला नाही. नव्या भागात शिरताना गेम मध्येच अडखळतो. तेव्हा दोन खऱ्या फ्रेम्समध्ये मोठी फट पडते आणि त्या फटीतली रचलेली फ्रेम चित्रावर ओला बोळा फिरवल्यासारखी येते. बंद असताना तिथे नुसता अडखळा दिसतो, चालू असताना अडखळा अधिक डाग.

आता कंट्रोलरवरचं एक रिकामं बटण मी Ctrl+Alt+S ला जोडून घेतलंय. हिंडताना चालू, मोठ्या शत्रूच्या आधीचं धुक्याचं दार दिसलं की बंद. मामेभाऊ आला की तोही बंदच ठेवायला सांगतो, त्याला ते पाणी बघवत नाही.