लॉग ३४७ तोंडी काढायला गेलो तेव्हाचा माझा अनुभव

२, ३ आणि ७ चे दहाच्या पायाचे लॉग, म्हणजे दहाचा कितवा घात केला की ती संख्या येते तो आकडा, मला पाठ होते. ०.३०१०३, ०.४७७१२, ०.८४५१०. बरीच वर्षं पाठ होते, पण त्यांचा उपयोग फक्त "१२ चा लॉग काढा" टाइपच्या प्रश्नांपुरता, म्हणजे १२ = २ × २ × ३, बेरीज करा, १.०७९१८, संपलं. ५ फुकटात मिळतो कारण ५ म्हणजे १० भागिले २, म्हणून १ − ०.३०१०३ = ०.६९८९७. पण एकदा एका मित्राने सहज विचारलं की मग ३४७ चा सांग की, आणि मी अडकलो. ३४७ मूळ संख्या आहे, तिचे अवयवच पडत नाहीत, मग बेरीज कशाची करणार?

पहिल्यांदा जे सुचलं तेच केलं. ३०० चा लॉग २.४७७१२, ४०० चा २.६०२०६, मधलं अंतर ०.१२४९४. ३४७ म्हणजे शंभरातले ४७, म्हणून त्या अंतराचे ४७ टक्के, ०.०५८७२. उत्तर आलं २.५३५८४. घरी येऊन लॉगच्या टेबलमध्ये पाहिलं तर २.५४०३३. फरक ०.००४५, दिसायला काहीच नाही, पण लॉगमधला ०.००४५ म्हणजे मूळ संख्येत जवळजवळ एक टक्का. माझं उत्तर खरं तर ३४३.४ चा लॉग होतं. आणि ही चूक नेहमी एकाच बाजूला जाते हे नंतर लक्षात आलं. लॉगचा वक्र वरच्या बाजूला फुगलेला असतो, त्यावरचे दोन बिंदू सरळ रेषेने जोडले की रेषा वक्राच्या खालीच राहते, त्यामुळे असं मधलं काढलेलं उत्तर कायम कमीच येणार. म्हणजे इतक्या लांबच्या दोन संख्यांमध्ये रेषा ओढायचीच नाही.

मग उलटा विचार केला. ३४७ च्या अगदी शेजारी अशी कुठली संख्या आहे जी फक्त २, ३, ५, ७ यांच्या गुणाकाराने बनते? ३५०. सात गुणिले पन्नास. लॉग ७ मध्ये लॉग ५ मिळवा आणि वर १, म्हणजे ०.८४५१० + ०.६९८९७ + १ = २.५४४०७. आता फक्त ३५० वरून ३ खाली यायचं, आणि तेवढ्या छोट्या उडीला लॉग किती कमी होतो ते माहीत हवं.

इथे ०.४३४३ कामाला येतो. हा दहाच्या पायाने e चा लॉग, आणि छोट्या फरकासाठी नियम असा की संख्येत जितका अंश फरक पडेल त्याला ०.४३४३ ने गुणलं की लॉगमधला फरक मिळतो. हा आकडा विसरला तरी पाठ असलेल्या लॉगमधूनच परत काढता येतो ही गोष्ट मला फार आवडली. लॉग ५० = १.६९८९७, लॉग ४९ = १.६९०२०, फरक ०.००८७७, त्याला ४९.५ ने गुणा, येतो ०.४३४१. शेवटचा अंक थोडा इकडेतिकडे होतो कारण फरकच मुळात तीन अंकांचा आहे, पण इतकं जवळ आलं की ०.४३४३ आपोआप आठवतो.

पण आता खरी गोम. अंश कशाचा धरायचा, ३ भागिले ३५० की ३ भागिले ३४७? मी आधी ३५० ने भागत होतो कारण तीच माहीत असलेली संख्या. उत्तर यायचं २.५४०३५, म्हणजे पाचव्या अंकात २ ने चूक. मग ३४७ ने भागून पाहिलं तर पाचवा अंक दुसऱ्या बाजूला गेला, २.५४०३२. तेव्हा डोक्यात आलं की दोघांच्या बरोबर मधली संख्या घेऊ, ३४८.५. ३ × ०.४३४३ = १.३०२९, भागिले ३४८.५, येतं ०.००३७४. २.५४४०७ मधून वजा केलं, २.५४०३३. टेबलशी तंतोतंत. त्या दिवसापासून मी फक्त मधल्या संख्येनेच भागतो, त्याला जास्त कष्ट काहीच नाहीत आणि फायदा प्रचंड आहे. शेजारी एक टक्का लांब असला तर टोकाच्या संख्येने भागण्यात लॉग साधारण ०.००००२ ने चुकतो, मधल्या संख्येने भागलं तर चूक दशांशाच्या आठव्या स्थानावर जाते. पाच टक्क्यांपर्यंत लांब गेलो तरी पाचवा अंक फार तर निम्म्याने हलतो. दहा टक्क्यांवर मात्र दिसायला लागतं, १० वरून ११ ला गेलो तर ०.०४१३६ येतो आणि खरा ०.०४१३९ आहे.

तोंडी भागाकार नकोसा वाटतो पण तो असा सोपा पडतो: १.३०२९ ला आधी ३५० ने भागा, ०.००३७२३, मग ३४८.५ हे ३५० पेक्षा अर्ध्या टक्क्याला जरा कमी इतकं लहान आहे म्हणून उत्तर तेवढंच मोठं करा, ०.००३७३९. झालं.

आता टेबल नसताना हे बरोबर आहे कळणार कसं? दुसऱ्या बाजूने या. ३४७ च्या खाली ३४३ आहे, सातचा घन. ३ × ०.८४५१० = २.५३५३०. ४ वर जायचंय, मधली संख्या ३४५, ४ × ०.४३४३ भागिले ३४५ म्हणजे ०.००५०४. बेरीज २.५४०३४. वरून आलो तर ३३, खालून आलो तर ३४. मी बराच वेळ चूक शोधत बसलो, भागाकार तीनदा केला, आणि चूक तिथे नव्हतीच. लॉग ७ खरा ०.८४५०९८ आहे, आपण ०.८४५१० पाठ करतो तेव्हा त्यात ०.०००००२ जास्तीचे असतात, आणि घन केला की ते तिप्पट होतात. म्हणजे घात जितका मोठा तितकी पाठ केलेल्या अंकांची चूक वाढते. म्हणून सातच्या मोठ्या घातावरून येणारं उत्तर मी शेवटच्या अंकाला कमी भरवशाचं धरतो, आणि सातसाठी आता सहा अंक पाठ केलेत. दोन्ही बाजूंची उत्तरं चौथ्या अंकातच वेगळी निघाली तर मात्र हिशोबच चुकलाय, बहुतेक वेळा मिळवायच्या जागी वजा केलेलं असतं.

अजून एक चूक माझ्याकडून झाली ती ०.०३४७ ला. दशांश भाग तोच, ०.५४०३३, पण पुढे −२ आहे, म्हणून मी घाईत −२.५४०३३ लिहून टाकलं. खरं तर तो ०.५४०३३ वजा २, म्हणजे −१.४५९६७. मी लिहिलेला लॉग ०.००२८८ या संख्येचा निघाला, बारा पटीने चुकीचा. आता मी आधी नुसता पट्टा बघतो, ०.०३४७ ही ०.०१ आणि ०.१ च्या मध्ये आहे म्हणजे लॉग −२ आणि −१ च्या मध्येच हवा.

हे जमल्यावर मी लहान मूळ संख्यांकडे वळलो, कारण ११, १३, १७, १९ चे लॉग एकदा मिळाले की बाकी खूप काही सुटतं. इथे शेजारी शोधताना अडचण अशी की १३ चे शेजारी १२ आणि १४, दोन्ही साताठ टक्के लांब. पण १३ चा वर्ग १६९, आणि १६८ म्हणजे १२ × १४! म्हणजे वर्ग आणि दोन शेजाऱ्यांचा गुणाकार यात नेहमी फक्त १ चा फरक. लॉग १२ = १.०७९१८, लॉग १४ = १.१४६१३, बेरीज २.२२५३१. १ वर जायला ०.४३४३ भागिले १६८.५, ०.००२५८. एकूण २.२२७८९, त्याचं अर्धं १.११३९४. आणि शेवटी दोनने भागल्यामुळे जी काही चूक असेल तीही अर्धी होते, म्हणजे घाताच्या बरोबर उलटं. ११ साठी १० × १२, १७ साठी १६ × १८, १९ साठी १८ × २०. बघा, सात पाठ नसता तर १३ या मार्गाने निघालाच नसता, आणि पुढे २९ (२८ × ३०), ४१ (४० × ४२), ७१ (७० × ७२) हेही सातमुळेच सुटतात.

सगळ्यांना हे लागू नाही. ३७ चे शेजारी ३६ आणि ३८, आणि ३८ मध्ये १९ येऊन बसतो. तिथे मी संख्येला छोट्या आकड्याने गुणून बघतो. ३७ × ३ = १११, शेजारी ११२ म्हणजे १६ × ७, लॉग २.०४९२२. एक खाली, ०.४३४३ भागिले १११.५ म्हणजे ०.००३९०, उरले २.०४५३२, त्यातून लॉग ३ वजा, १.५६८२०. २३ लाही तसंच, सातने गुणलं की १६१ आणि शेजारी १६०.

आणि एकदा चालता चालता सातचाच लॉग नीट आठवेना. ०.८४५१ की ०.८५४१, अंकांची अदलाबदल. तेव्हा ४९ चे शेजारी आठवले, ४८ × ५० = २४००, आणि ४९ चा वर्ग २४०१, म्हणजे सातचा चौथा घात. लॉग २४०० ला फक्त २ आणि ३ लागतात: ०.९०३०९ + ०.४७७१२ + २ = ३.३८०२१. १ वर जायला ०.४३४३ भागिले २४००, ०.०००१८. ३.३८०३९ ला चारने भागलं, ०.८४५१०. मग तिथेच उभं राहून तीनचा लॉगही काढून बघितला, ८१ आणि ८० वरून: १.९०३०९ + ०.००५३९५ = १.९०८४८५, भागिले चार, ०.४७७१२. आणि दोन १०२४ वरून: हजारावरून २४ वर, मधली संख्या १०१२, २४ × ०.४३४३ भागिले १०१२ म्हणजे ०.०१०३०, म्हणून दोनच्या दहाव्या घाताचा लॉग ३.०१०३०, आणि दोनचा ०.३०१०३.